आठवड्याचे तीन दिवस ऑफिस: ठाणे–सीएसएमटी पास काढायचा की रोज तिकीट?

गेल्या वर्षी ८ ऑक्टोबरला, बुधवारी रात्री, भाचीचा फोन आला. "मामा, उद्या माझा पास संपतोय. आता आठवड्यातून तीनच दिवस ऑफिसला जायचंय. पुढचा काढू की तिकिटावर भागवू?" ती ठाण्याला राहते, ऑफिस फोर्टमध्ये. मंगळवार, बुधवार, गुरुवार असे तीन दिवस ठाणे ते सीएसएमटी आणि परत, सेकंड क्लासने. सोमवार आणि शुक्रवार या दोन दिवसांचं काम घरून.

मी तिथल्या तिथे तोंडी हिशेब केला. एकेरी तिकीट १५ रुपये, महिन्याचा पास २१५ रुपये. पास १० ऑक्टोबर ते ९ नोव्हेंबर असा चालणार. त्यात चार मंगळवार, चार बुधवार, चार गुरुवार, म्हणजे बारा दिवस आणि चोवीस फेऱ्या. चोवीस गुणिले पंधरा, ३६० रुपये. "अगं, सरळ पास काढ, १४५ रुपये वाचतील," असं सांगून मी मोकळा झालो. तिने पास काढला. सोबत मी तिला एक काम दिलं: प्रत्येक फेरी फोनमध्ये लिहून ठेवायची, शनिवार-रविवारच्या फेऱ्यांसकट. महिन्याने आम्ही ती नोंद समोर घेऊन बसलो, तेव्हा बचत १४५ नव्हे तर फक्त दहा रुपये निघाली. पास काढायचा निर्णय बरोबरच ठरला, पण माझं गणित चुकलं होतं. ते नेमकं कुठे चुकलं, हे घरून आणि ऑफिसातून असं दोन्हीकडून काम करणाऱ्या प्रत्येकाला उपयोगी पडेल, म्हणून सविस्तर लिहितो.

पंधराचा आकडा कुठून येतो

२१५ ला १५ ने भागलं की १४.३३ येतात. चौदा फेऱ्यांची तिकिटं २१० रुपयांची, म्हणजे तोवर तिकीट पाच रुपयांनी स्वस्त. पंधराव्या फेरीला तिकिटांचा खर्च २२५ होतो आणि पास पुढे जातो. म्हणून या मार्गावर सेकंड क्लासचा बरोबरीचा आकडा पंधरा एकेरी फेऱ्या. दिवसांत मोजायचं तर साडेसात दिवस, म्हणजे व्यवहारात आठ.

हा आकडा योगायोगाने पंधराच्या जवळ आलेला नाही. उपनगरी पासाची किंमतच मुळात सुमारे पंधरा एकेरी फेऱ्यांच्या भाड्यावर बेतलेली आहे. जून २०१४ मध्ये रेल्वेने भाडेवाढीसोबत हा आधारच बदलायचं ठरवलं होतं: पंधराऐवजी तीस फेऱ्यांचं भाडं धरायचं. तसं झालं असतं तर मुंबईकरांचे पास एका झटक्यात जवळपास दुप्पट झाले असते. ओरड झाली, आणि थोड्याच दिवसांत निर्णय मागे घेतला गेला. पास पूर्वीसारखा सुमारे पंधरा फेऱ्यांच्या हिशेबावरच राहिला. त्यानंतर २०२५ मध्ये जुलैत आणि डिसेंबरअखेर रेल्वेची भाडी वाढली, पण दोन्ही वेळा उपनगरी तिकिटं आणि पास वगळले गेले.

मला ही गोष्ट फार मोलाची वाटते. रोज जाणारा माणूस महिन्यात पन्नास फेऱ्या करतो आणि पंधरांचे पैसे देतो. त्याला हिशेब करायचं कारणच नाही. पास कसा ठरवला जातो हे तपासायची वेळ आली ती आठवड्यातून दोन-तीन दिवस जाणाऱ्यांवर, कारण त्यांच्या फेऱ्या आता त्या पंधराच्या आसपास रेंगाळू लागल्या आहेत.

मात्र अगदी जवळच्या प्रवासाला हा नियम तसाच लावू नका. ठाणे–मुलुंडसारख्या अंतराला तिकीट ५ रुपये आणि पास १०० रुपये. तिथे बरोबरी वीस फेऱ्यांवर येते, कारण सगळ्यात कमी पासाची किंमत तेवढी ठेवलेली आहे. म्हणून आपल्या दोन स्टेशनांचे आकडे घ्यावेत, पासाला तिकिटाने भागावं आणि वरचा पूर्णांक धरावा. शेजाऱ्याचा आकडा आपल्याला लागू होईलच असं नाही.

नोंदीत काय निघालं

आता भाचीचा महिना. माझ्या तोंडी हिशेबात चोवीस फेऱ्या होत्या. त्या अशा गळत गेल्या.

२१, २२ आणि २३ ऑक्टोबरला लक्ष्मीपूजन, पाडवा आणि भाऊबीज होती. दिवाळी नेमकी मंगळवार ते गुरुवार, म्हणजे तिच्या ऑफिसच्याच तिन्ही दिवसांवर आली. रोज जाणाऱ्या माणसाच्या आठवड्यातले दोन दिवस तरी उरले असते; हिचा अख्खा आठवडा गेला. सहा फेऱ्या कमी. ५ नोव्हेंबर, बुधवार, गुरुनानक जयंती. आणखी दोन कमी. ३० ऑक्टोबरला तिला ताप होता, घरूनच काम केलं. आणखी दोन. ६ नोव्हेंबरला संध्याकाळी ऑफिसमधली एक मैत्रीण गाडीने ठाण्यालाच येत होती, तिच्यासोबत ती परतली. एक कमी.

चोवीसमधून अकरा गेल्या, उरल्या तेरा. तेरा गुणिले पंधरा, १९५ रुपये. म्हणजे फक्त ऑफिसच्या फेऱ्या धरल्या तर पास वीस रुपयांनी महाग पडला होता.

यातली सुट्टीची तीन-चार दिवसांची घट मला त्या बुधवारी रात्रीच दिसायला हवी होती. कॅलेंडर भिंतीवरच होतं. मी मात्र 'चार आठवडे गुणिले तीन' असं केलं. पासाचा महिना हा पहिल्या तारखेला सुरू होत नाही, तो ज्या तारखेपासून लागू होतो तिथून पुढच्या महिन्याच्या आदल्या तारखेपर्यंत चालतो. म्हणून हिशेब करताना त्या दोन तारखांमधले ऑफिसचे वार एकेक करून मोजायला हवेत, आणि त्यातली लाल रंगातली तारीख कुठल्या वारावर पडते हेही बघायला हवं. आठवड्यातून तीनच ठरलेले वार जाणाऱ्याला सुट्टी एक तर अजिबात लागत नाही किंवा पूर्ण लागते. त्यामुळे त्याच्या फेऱ्यांचा आकडा महिन्यागणिक खूप वरखाली होतो.

ताप आणि मैत्रिणीची गाडी आधी कळणं शक्य नव्हतं. पण अशी काहीतरी घट दर महिन्याला होतेच. भाचीच्या जुन्या महिन्यांबद्दल विचारलं तर तिला प्रत्येक वेळी एखाद-दुसरी गळलेली फेरी आठवली: कधी परतताना बस, कधी अर्ध्या दिवसाची रजा. म्हणून मी आता वार मोजून आलेल्या आकड्यातून दोन-तीन फेऱ्या आधीच वजा करतो. दिवस मोजून दुप्पट करणं ही सवय मोडावी. जाताना एक आणि येताना एक अशा फेऱ्या सुट्या मोजाव्यात.

एक बारीक मुद्दा इथेच सांगतो, कारण तो आम्हा दोघांनाही आधी उलटा वाटत होता. परतताना ती दोनदा दादरला उतरली, काम उरकून पुन्हा गाडीत बसली. पास असल्याने मध्ये उतरता आलं, तर ही बचत धरायची का? धरायची नाही. तिकिटावर असती तर सीएसएमटी–दादर ५ आणि दादर–ठाणे १०, मिळून पंधराच झाले असते. पैसे तेवढेच, फक्त दुसरं तिकीट काढायचा वेळ वाचला.

शनिवार-रविवार

वीस रुपयांची तूट भरून काढली ती सुट्टीच्या दिवसांनी. पण इथेही सगळ्या फेऱ्या सारख्या नाहीत, आणि मला वाटतं पासाचा हिशेब सगळ्यात जास्त चुकतो तो इथेच.

पास सातही दिवस चालतो, ठाणे ते सीएसएमटी मधल्या कुठल्याही दोन स्टेशनांमध्ये, कितीही वेळा. भाचीच्या नोंदीत सुट्टीच्या पाच गोष्टी होत्या.

१२ ऑक्टोबरच्या रविवारी ती आईसोबत दिवाळीच्या खरेदीला दादरला गेली. ही फेरी पास नसता तरी झालीच असती. तिचं मोल किती? इथे बरेच जण सवयीने पंधरा रुपये धरतात. पण दादरचं तिकीट दहा रुपये आहे, म्हणून जाऊन-येऊन वीसच धरायचे. आईचं वीस रुपयांचं तिकीट वेगळं काढावं लागलं. पास एकाच माणसाचा असतो, दुसऱ्याला देता येत नाही. त्यामुळे घरच्यांसोबतच्या फेरीत पासामुळे वाचतं ते फक्त पासधारकाचं भाडं.

१९ ऑक्टोबरला ती मावशीला फराळ द्यायला मुलुंडला गेली. पाच आणि पाच, दहा रुपये.

भाऊबीजेला ती कल्याणला गेली. तिचा पास ठाण्याहून सीएसएमटीकडे चालतो, कल्याणकडे नाही. तिकीट काढावंच लागलं. हे तिकीट पास असता-नसता सारखंच लागलं असतं, म्हणून ते हिशेबात दोन्ही बाजूंना येत नाही. ठाण्यात राहणाऱ्यांची निम्मी सुट्टीची वर्दळ डोंबिवली-कल्याणकडे किंवा ठाण्याहून वाशीकडे असते, आणि सीएसएमटीचा पास त्यात काहीच कामाचा नाही. तसंच दादरला उतरून पश्चिम रेल्वेची गाडी पकडून वांद्र्याला जायचं तर दादर–वांद्रे तिकीट वेगळं. सुट्टीच्या दिवशी आपण कोणत्या दिशेला जातो, हे आधी प्रामाणिकपणे बघा.

२ नोव्हेंबरला मैत्रिणींसोबत भायखळ्याच्या राणीच्या बागेत जायचा बेत होता. रविवारच्या मेगाब्लॉकमध्ये गाड्या उशिरा आणि खच्चून येतील या धास्तीने तो रद्द झाला. रविवारची दुपार ही लोकलच्या देखभालीची वेळ असते, त्यामुळे महिन्याच्या सुरुवातीला मनात धरलेल्या रविवारच्या फेऱ्यांपैकी एखादी अशी बारगळते. आधीच्या अंदाजात सगळ्या रविवारांचे पैसे जमेला धरू नयेत.

आणि ८ नोव्हेंबरच्या शनिवारी ती पुन्हा दादरला गेली, फुलबाजारात. "पास होताच, म्हणून गेले," हे तिचेच शब्द. मी विचारलं, पास नसता तर? "मग इथेच जांभळी नाक्यावरून घेतली असती." या फेरीचे वीस रुपये वाचले असं म्हणता येणार नाही, कारण ते खर्चच झाले नसते. तिला तिथे जाऊन आनंद झाला, फुलं चांगली मिळाली, ते खरं आहे आणि पासाचा तो गुण मी मानतो. पण पास काढायचा की नाही हे ठरवताना पासामुळेच घडलेली फेरी पासाच्या बाजूने मोजली तर हिशेब स्वतःलाच पटवत राहतो. मी ती शून्य धरली.

तर सुट्टीच्या दिवसांचे खरे जमा झाले तीस रुपये: दादरचे वीस, मुलुंडचे दहा. १९५ अधिक ३०, एकूण २२५. पास २१५. दहा रुपयांनी पास सरस.

म्हणजे या महिन्यात निकाल शनिवार-रविवारने लावला. पण लगेचच पुढचा महिना बघा. १० नोव्हेंबर ते ९ डिसेंबर या काळात तिचे ऑफिसचे तेरा दिवस पडत होते, मध्ये सुट्टी एकही नाही. सव्वीस फेऱ्यांचे ३९० रुपये. दोन-तीन गळल्या तरी साडेतीनशेच्या आसपास. तिथे सुट्टीच्या फेऱ्या मोजल्या काय, न मोजल्या काय, पासच येतो. सुट्टीच्या दिवसांचा वापर निर्णय फिरवतो तो फक्त ऑफिसच्या फेऱ्या अकरा ते चौदाच्या टप्प्यात असतील तेव्हा. आठवड्यातून एकच दिवस जाणाऱ्याच्या महिन्याला आठ-नऊ फेऱ्या होतात, म्हणजे १२० ते १३५ रुपये. त्याला उरलेले ऐंशी-नव्वद रुपये सुट्टीच्या फेऱ्यांतून भरून काढायला महिन्यात चार-पाच वेळा दादर गाठावं लागेल. तेवढं क्वचितच कोणी जातं. दोन दिवस जाणारा सुमारे सतरा फेऱ्या करतो. तो काठावर आहे आणि त्याने दर वेळी कॅलेंडर बघावं.

मध्ये खंड टाकला असता तर?

नोंद बघून भाचीने योग्य प्रश्न विचारला. "दिवाळीच्या आठवड्यात पास वायाच गेला ना? ९ तारखेला संपल्यावर लगेच काढायचाच नाही, २८ ऑक्टोबरपासूनचा काढायचा. असं केलं असतं तर?"

आम्ही तेही मांडून पाहिलं. १० ते २७ ऑक्टोबर हे अठरा दिवस पासाशिवाय काढायचे. त्यात ऑफिसच्या सहा फेऱ्या, ९० रुपये. दादर आणि मुलुंडचे ३०. एकूण १२० रुपयांची तिकिटं. दुसऱ्या बाजूला पास दिवसाला सुमारे सात रुपये पडतो; अठरा दिवसांचे झाले १२६. म्हणजे इतकी सगळी आखणी करून वाचले असते सहा रुपये.

मला हा निष्कर्ष सगळ्यात उपयोगी वाटला. सेकंड क्लासचा पास दिवसाला सात रुपये पडतो, म्हणजे सलग दोन आठवडे जवळपास काहीच प्रवास नसेल तरच खंड टाकण्यात अर्थ आहे. गावाला पंधरा दिवस जायचं असेल, तर नक्की थांबावं आणि परत आल्यावर कामाच्या पहिल्या दिवसापासून पास सुरू करावा. तीन-चार दिवसांच्या सुट्टीसाठी तारखा सरकवत बसू नये. आणि थांबायचं तर एवढं लक्षात ठेवावं की मोबाईलवर काढलेला नवा पास दुसऱ्या दिवसापासून लागू होतो. सकाळी प्लॅटफॉर्मवर आठवण झाली तर त्या दिवसाचं तिकीट वेगळं काढावं लागतं.

खंड टाकण्यात एक धोकाही आहे, आणि तो सहा रुपयांपेक्षा फार मोठा आहे. ज्याला वर्षानुवर्षं पासावर जायची सवय आहे, तो पास संपल्यावर पहिल्या दिवशी तसाच गाडीत चढतो. भाचीचा पास गुरुवारी ९ तारखेला संपत होता आणि पुढची फेरी रविवारी होती. शुक्रवार-शनिवार मध्ये गेले की तारीख डोक्यातून जाते. विनातिकीट सापडल्यास किमान २५० रुपये दंड आणि वर भाडं. एका चुकीत अख्ख्या महिन्याच्या पासापेक्षा जास्त रक्कम गेली. पासाचं नूतनीकरण तो संपायच्या दहा दिवस आधीपासून करता येतं, म्हणून निर्णय पास संपायच्या आदल्या आठवड्यातच घ्यावा आणि नसेल काढायचा तर तसा गजर फोनवर लावावा. काठावरच्या महिन्यात, म्हणजे फरक वीस-पंचवीस रुपयांच्या आत असेल तर, मी डोळे मिटून पासाकडे झुकतो. कारण पासाचं नुकसान ठरलेलं आहे, विसरल्याचं नाही.

तिकिटाच्या बाजूने एक व्यवहारी अडचण अशीही की मोबाईलवरचं कागदविरहित तिकीट काढल्यावर तासाभरात प्रवास सुरू करावा लागतो, आणि स्टेशनच्या आत रुळांजवळ पोहोचल्यावर अॅप ते काढू देत नाही. संध्याकाळी निघायला उशीर होणाऱ्या माणसाचं तिकीट असं वाया जाऊ शकतं. त्यामुळे परतीचं तिकीट निघतानाच काढावं, दुपारी जेवल्यावर नव्हे.

एसी लोकलला हेच गणित लावलं तर

इथपर्यंत वाचून कुणी म्हणेल की दहा-वीस रुपयांसाठी एवढी नोंद कशाला. सेकंड क्लासपुरतं ते मान्य. पण भाचीने पुढे विचारलं की एसी लोकलचा पास घ्यावा का, आणि तिथे चूक झाली तर ती शेकड्यांत जाते.

एसीचं गणित वेगळं होण्यामागे इतिहास आहे. डिसेंबर २०१७ मध्ये पश्चिम रेल्वेवर पहिली एसी लोकल धावली, तेव्हा चर्चगेट–विरार एकेरी भाडं २०५ रुपये आणि महिन्याचा पास २०४० रुपये होता. म्हणजे पास दहा फेऱ्यांच्या भावात. आठवड्यातून दोन दिवस जाणाऱ्यालाही तो परवडत होता. मग ५ मे २०२२ पासून एसीची एकेरी भाडी जवळपास निम्मी झाली. पासाचे दर मात्र तिथेच राहिले. तिकीट स्वस्त झालं ही चांगलीच गोष्ट, पण त्यामुळे पासाची बरोबरी दहावरून विसाच्या घरात गेली. फर्स्ट क्लासचंही असंच झालं: त्याच दिवसापासून एकेरी तिकीट निम्म्यावर आलं, पास तसाच राहिला, आणि बरोबरीच्या फेऱ्या पूर्वीच्या जवळपास दुप्पट झाल्या. २०२२ च्या आधी ज्यांनी 'एसीला पासच बरा' हे ठरवून टाकलं आणि नंतर पुन्हा भागाकार केला नाही, त्यांनी आज तो जरूर करावा.

ठाणे–सीएसएमटी अंतराला एसीचं एकेरी तिकीट शंभराच्या आत आहे आणि पास दोन हजारांच्या आसपास. बरोबरी वीस-एकवीस फेऱ्यांवर. आता भाचीचे दोन महिने ठेवून बघा. दिवाळीच्या महिन्यात तेरा फेऱ्या: पास घेतला असता तर सात-आठ फेऱ्यांचं भाडं, म्हणजे सहा-सातशे रुपये वाया. नोव्हेंबरच्या महिन्यात कागदावर सव्वीस फेऱ्या, म्हणजे पास चार-पाचशेने सरस दिसतो.

दिसतो, पण तिथे आणखी एक गाळणी लावावी लागते. त्या सव्वीस फेऱ्यांपैकी एसी गाडी खरोखर किती वेळा मिळणार? एसी लोकल दर पाच मिनिटांनी येत नाही. भाचीला सकाळी एक सोयीची आहे, ती बहुतेक वेळा मिळते. संध्याकाळी ऑफिस कधी सुटेल याचा नेम नाही. एसी गाडीसाठी अर्धा तास थांबण्यापेक्षा ती समोर येईल त्या गाडीने निघते. एसीचा पास साध्या गाडीच्या फर्स्ट क्लासमध्ये चालतो, म्हणून तो अगदीच निरुपयोगी ठरत नाही, पण फर्स्ट क्लास ही तिची गरज नव्हती. तिच्या अंदाजाने सकाळच्या अकरा-बारा आणि संध्याकाळच्या तीन-चार, मिळून पंधरा फेऱ्या एसीच्या होतील. विसाच्या खाली. म्हणून तिला मी सांगितलं की सेकंड क्लासचा पास चालू ठेव आणि ज्या दिवशी उकाडा असेल किंवा फार थकवा असेल त्या दिवशी एसीचं तिकीट काढ. सेकंड क्लासचा पास एसीत चालत नाही, तेव्हा त्या दिवशी पूर्ण भाडं जाणार हे धरूनच. आठवड्यातून एकदा एसी घेतली तर महिन्याला चारशेच्या आत आणि पासाचे २१५, एकूण सहाशेच्या थोडं वर. दोन हजारांपेक्षा हे तिला परवडतं.

एसीत खंड टाकण्याचं उत्तरही उलटं येतं. दिवाळीचे तेच अठरा दिवस घ्या. एसी पासाचा त्या दिवसांचा वाटा सुमारे साडेअकरा-बारा फेऱ्यांच्या भाड्याएवढा होतो, आणि तिने ऑफिसला केल्या सहाच फेऱ्या. म्हणजे पाच-सहा फेऱ्यांचं भाडं, चारशे-पाचशे रुपये, सरळ वाचले असते. सेकंड क्लासमध्ये तारखा सरकवणं निरर्थक, एसीत ते केलंच पाहिजे. म्हणून ज्याच्याकडे एसीचा पास आहे त्याने गणपती, दिवाळी आणि मे महिन्याची सुट्टी कॅलेंडरवर बघूनच पासाची सुरुवात ठरवावी.

तिमाही पासाचं

शेवटी तिने तिमाही पासाबद्दल विचारलं. तिमाहीची किंमत महिन्याच्या सुमारे २.७ पट असते, म्हणजे दहा टक्क्यांची सवलत. या मार्गावर बरोबरी तीन महिन्यांत चाळिसेक फेऱ्यांवर येते. तिच्या पहिल्या दोनच महिन्यांत तेरा आणि सव्वीस मिळून एकोणचाळीस होत होत्या, त्यामुळे आकड्यांनी तिमाही सहज बसत होता, आणि दिवाळीसारखा पडेल महिना बाकीच्या दोन महिन्यांनी भरून निघतो हा त्याचा खरा फायदा. तरी मी थोडा थांबायला सांगितलं, कारण जानेवारीपासून ऑफिसचे दिवस दोनावर येतील की चारावर जातील हे तिच्या वरिष्ठांनी ठरवलेलं नव्हतं, आणि वापरला नाही म्हणून पासाचे पैसे परत मिळत नाहीत.

तिने ९ नोव्हेंबरला पुन्हा महिन्याचा पास काढला. फेऱ्यांची नोंद मात्र तिने थांबवलेली नाही. आता प्रत्येक फेरीपुढे ती एक अक्षर लिहिते, ऑफिसला 'ऑ', सुट्टीच्या गरजेच्या फेरीला 'सु', आणि केवळ पास होता म्हणून केलेल्या फेरीला 'पा'.